हळदीचं सर्कल

रतनताई माझ्या दुकानात शिरल्या तेव्हा मी एका बाईच्या ब्लाउजचं माप घेत होते आणि माझ्या तोंडात टाचण्या होत्या. होत्या ते बरंच झालं. नाहीतर त्यांनी जे विचारलं त्याचं उत्तर मी तिथल्या तिथे दिलं असतं आणि गिऱ्हाईक कायमचं गेलं असतं.

"रसिका, मेघाली मॅटर्निटी होममध्ये काय करते गं?"

रतनताई माझ्या मोठ्या जाऊबाई. हळू बोलणं त्यांना माहीतच नाही. त्यांनी हातातला फोन माझ्यापुढे धरला. त्यावर नौपाड्याचा नकाशा होता आणि नकाशावर माझ्या मुलीचा फोटो असलेला गोल ठिपका. ठिपका एका प्रसूतिगृहाच्या नावावर बसला होता आणि खाली लिहिलं होतं की ती पाऊण तासापासून तिथेच आहे. माप देणाऱ्या बाईने वर धरलेले हात खाली घेतले आणि फोनकडे मान लांब केली.

मेघाली सतरा वर्षांची, बारावीला. त्या वेळी ती नौपाड्यात केमिस्ट्रीच्या क्लासला असायला हवी होती. आईला आधी काळजी वाटते म्हणतात. मला आधी राग आला. मुलीचा नंतर, आधी रतनताईंचा. माझी मुलगी कुठे आहे हे मला यांच्याकडून कळावं, तेही परक्या बाईसमोर.

मी टाचण्या काढल्या आणि म्हटलं, "तुम्ही कशाला बघत बसलात तिला?"

"मी कुठे बघत होते? मी प्रेम कुठपर्यंत आला ते बघत होते. ही मध्येच दिसली. दिसलं ते बोलायचं पण नाही का?"

हे खरं होतं, आणि म्हणूनच जास्त संताप आणणारं होतं. कारण ते ॲप त्यांनी चोरून लावलेलं नव्हतं. आम्हीच मुलीला त्यात नेऊन बसवलं होतं.

त्याचं असं झालं. बाळकुममध्ये आमच्या भावकीची जुनी घरं होती. बिल्डरने ती घेतली आणि त्या जागी टॉवर उभा केला. त्यात भावकीतल्या सगळ्यांना फ्लॅट मिळाले. त्यामुळे घरं पाडली तरी अंगण तेच राहिलं, फक्त आता ते लिफ्टने वरखाली जातं. रतनताईंच्या थोरल्याचं, ऋतुराजचं, गेल्या वर्षी लग्न झालं. आमच्याकडे लग्नापेक्षा हळद मोठी. माणसं दिव्याहून येणार, कल्याणहून येणार, मटणाचे टोप एकीकडून, जनरेटर दुसरीकडून. त्यात लग्नात धवले गाणारी आमची म्हातारी धवलारीण कल्याणला भलत्याच हॉलवर जाऊन बसायची, अशी तिची ख्याती. म्हणून रतनताईंच्या धाकट्याने, प्रेमने, फॅमिली लोकेशनचं ॲप सगळ्यांच्या फोनमध्ये घातलं. एक सर्कल केलं, त्याला 'हळद' नाव दिलं आणि त्याचा कोड घराघरात पाठवला. कोड टाकला की तुम्ही सर्कलमध्ये, आणि सर्कलमधला प्रत्येक जण प्रत्येकाला नकाशावर बघणार. धवलारणीला आणायला गेलेली गाडी कुठे आहे ते मांडवात बसून दिसत होतं. त्या दिवशी आम्ही प्रेमचं केवढं कौतुक केलं.

हळद उतरली, नवरी घरात आली, तिने नोकरीही बदलली. सर्कल कोणी बंद केलं नाही. कोणाला गरजच वाटली नाही. आमच्यात कोण कुठे आहे हे विचारायचं नसतं, ते माहीतच असतं.

मग मेघालीचे क्लास संध्याकाळचे सुरू झाले. एकदा तिचा फोन बंद पडला, ती उशिरा आली, आणि तोवर मी गॅलरीत उभी राहून काय काय मनात आणलं ते मला माहीत. मी माझ्या नवऱ्याला, केतनना, म्हटलं की पोरीच्या फोनमध्ये लोकेशनचं काहीतरी लावा. त्यांनी डोकं चालवलं नाही. ॲप तयार होतं, सर्कल तयार होतं. त्यांनी तिच्या फोनमध्ये तोच हळदीचा कोड टाकला. मेघाली म्हणालेली, "पप्पा, यात सगळेच आहेत." केतन म्हणाले, "घरचेच आहेत ना?" मी तिथेच भाजी निवडत होते. मलाही त्यात काही खटकलं नाही.

तर आता माझ्या घरच्याच एका बाईने माझ्या घरच्याच मुलीला प्रसूतिगृहात शोधून काढलं होतं.

मी मेघालीला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला, बंद. क्लासमध्ये ते लोक फोन बंद ठेवायला लावतात, हे मला एरवी आठवलं असतं. दुकान आमच्याच टॉवरच्या तळमजल्यावर. मी शटर अर्धं ओढलं आणि वर गेले. वर जाईपर्यंत माझ्या घरात चार माणसं आधीच जमली होती. माझ्या आधीच वर पोचलेल्या रतनताई होत्या, मोठे दीर होते, वरच्या मजल्यावरची चुलत जाऊ होती, आणि माझी सासू मनुबाई खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती.

"पोर सुखरूप हाय ना, तेवडा मना सांग," सासू म्हणाली. त्या खोलीत हा एकच प्रश्न कामाचा होता. त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

मोठ्या दिरांनी केतनना कंपनीत फोन करून बोलावून घेतलं होतं. मला न विचारता. वागळे इस्टेटमधून केतन बाइकवरून आले ते हेल्मेट न काढताच म्हणाले, "मी नौपाड्याला जातो."

"जाऊन काय करणार?" मी म्हटलं. "बायकांच्या दवाखान्यात हेल्मेट घालून घुसणार?"

"मग काय करू? इथे बसून ठिपका बघू?"

"बघा. सगळे बघतातच आहेत."

तेवढ्यात प्रेम आला. त्याने आईच्या हातातला फोन घेतला, नकाशा दोन बोटांनी मोठा केला आणि हसला. मला त्याचं हसणं आवडलं नाही, पण तो जे बोलला ते आवडलं.

"अरे काय तुम्ही लोक. ठिपक्याच्या भोवती हे फिकट वर्तुळ दिसतंय का? मेघाली या वर्तुळात कुठेपण असू शकते. नौपाड्यात बिल्डिंगा किती चिकटून आहेत. सिग्नल भिंतींवर आपटून येतो, घरात बसलं की ठिपका वीस-तीस मीटर सरकतो. तिचा क्लास या हॉस्पिटलच्या बाजूच्याच बिल्डिंगमध्ये आहे. हा बघा."

सगळ्यांनी वाकून बघितलं. क्लास खरंच शेजारी होता. ते वर्तुळ दोन्ही बिल्डिंगांवर पसरलेलं होतं.

मला जे काही वाटलं त्याला सुटकेचा श्वास वगैरे म्हणायची सोय नाही. मला जोर चढला. मी रतनताईंना जे सुनावलं ते पुढची दहा वर्षं भावकीत सांगितलं जाईल. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, म्हटलं. पोरीबाळींची अब्रू म्हणजे तुमच्या दुपारच्या चहाची खारी आहे का, म्हटलं. नकाशा वाचता येत नाही तर फोन चुलीत घाला, म्हटलं. मोठे दीर उठून गेले. चुलत जाऊ निघू की नको करत दारात थांबली, कारण तिला शेवटपर्यंत ऐकायचं होतं. रतनताई रडल्या. मला तेही बरं वाटलं.

मेघाली आली तेव्हा घरात मी आणि केतन दोघंच उरलो होतो. सासू तिच्या खोलीत गेली होती. मेघालीला लिफ्टमध्येच कोणीतरी सगळं सांगितलं असावं, कारण तिने चपला काढल्या नाहीत आणि बॅगही खांद्यावरून उतरवली नाही.

"घाबरू नकोस," केतन म्हणाले. "प्रेमने सगळ्यांना सांगितलं. ठिपका सरकला होता."

"ठिपका बरोबर होता," मेघाली म्हणाली.

केतन हसायच्या तयारीत होते. ते तोंड तसंच राहिलं.

"मी तिथेच होते. डॉक्टरकडे. क्लासमधली समिधा होती बरोबर, तिची आई तिला तिथेच घेऊन जाते. मला पाच महिने पाळी आली नाही."

मी उभी होते ती पलंगावर बसले. मेघालीने माझा चेहरा पाहिला आणि तिचा चेहरा बदलला. इतका राग मी कुठल्या मुलीच्या तोंडावर पाहिला नव्हता, माझ्या स्वतःच्या सोडून.

"हेच," ती म्हणाली. "हेच बघायला नको होतं मला. तू पण तेच समजलीस ना? पप्पा, तुम्ही पण. तसं काही नाहीये. डॉक्टर बोलल्या हार्मोन्सचं असेल, खूप मुलींना असतं. सोनोग्राफी करायला सांगितलीये आणि ब्लड टेस्ट. आणि मी अठराची नाही म्हणून आईला घेऊन ये सांगितलंय."

"मग आईला आधी का नाही सांगितलंस?" मी ओरडले. "पाच महिने? मी काय मेले होते?"

"तुला सांगणं म्हणजे माइक लावणं."

"मेघाली," केतन म्हणाले.

"नाही पप्पा, बोलू द्या. मला पहिल्यांदा पाळी आली तेव्हा हिने दुपारी रतनकाकीला सांगितलं. संध्याकाळी आठ घरांतून माझ्यासाठी शिरा आला. वाटीवर झाकण ठेवून. मी सहावीत होते. मी कोणाला तोंड दाखवू शकत नव्हते."

"ते कौतुक होतं. आमच्यात करतात," मी म्हटलं.

"मला नको होतं कौतुक."

मी म्हटलं, तुझ्यासाठी आत्ता तासाभरापूर्वी मी माझ्या मोठ्या जावेला रडवलंय. ती म्हणाली, मी सांगितलं नव्हतं रडवायला. मी म्हटलं, मग डॉक्टरकडे जायचं होतं तर फोन घरी ठेवून जायचा. ती म्हणाली, म्हणजे मी लपूनच जायला पाहिजे, डॉक्टरकडेसुद्धा? यावर मी आवाज वाढवला. आमच्या घराच्या भिंती पातळ आहेत. हे आम्हा दोघींना एकदमच आठवलं. मग मेघालीने खालच्या आवाजात जे सांगितलं ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं.

"मी सोनोग्राफीला जाणारच नाही. जायचं म्हणजे तू येणार. तू येणार म्हणजे सगळ्यांना कळणार. त्यापेक्षा राहू दे."

तिने फोन काढला, माझ्यासमोर त्या सर्कलमधून बाहेर पडली आणि फोनचं लोकेशनच बंद केलं. दोन मिनिटांत मोठ्या दिरांचा केतनना फोन. सर्कलमधून कोणी बाहेर पडलं की सगळ्यांना तसं कळतं. मेघाली बाहेर का पडली, असं ते विचारत होते.

"बॅटरी खातंय," केतन म्हणाले आणि फोन ठेवला. त्यांनी आयुष्यात भावाला सांगितलेलं ते पहिलं खोटं असावं.

पुढचे दोन दिवस घरात कोणी कोणाशी धड बोललं नाही. मेघाली क्लासला जायची आणि मी गॅलरीत उभी राहायचे. रिक्षा स्टँडपासून आमच्या गेटपर्यंतचा रस्ता अजून पुरा झालेला नाही. दोन्ही बाजूंना टॉवरचे पत्रे आणि मध्ये अंधार. तिथून माझी मुलगी एकटी चालत येते आणि मला तिचा ठिपकाही दिसत नाही, या विचाराने मी शिवण उसवून पुन्हा घातली. आणि प्रत्येक वेळी राग येत होता तो तिचाच. एवढं कळतं तर स्वतःच्या तब्येतीशी का खेळतेस? पाच महिने म्हणजे काय गंमत आहे का? पण एक गोष्ट मला कळली होती. ती दवाखान्यात गेली नाही तर ते हार्मोन्समुळे नसेल, माझ्या तोंडामुळे असेल.

तिसऱ्या दिवशी मी दुकान बंद ठेवलं, तिला आणि केतनना स्वयंपाकघरात बसवलं आणि दार लावलं. म्हटलं, "आता बोलू. हळू आवाजात. तुला काय पाहिजे ते सांग, मला काय पाहिजे ते मी सांगते. बाजारात बसल्यासारखं. कोणी तरी खाली आल्याशिवाय सौदा होत नाही."

"मला कोणी बघायला नको," ती म्हणाली.

"हे नाही जमणार. पुढे बोल."

"मग तुला काय पाहिजे?"

"चोवीस तास. फोन चालू, लोकेशन चालू."

"हे पण नाही जमणार."

केतन दोघींकडे बघत होते. ते म्हणाले, "त्या अंधाऱ्या रस्त्याचं काय?"

मेघालीने आधी बंद दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, "त्या रस्त्याला मला पण भीती वाटते. तेव्हा कोणीतरी बघत असलेलं मला हवंय. मला लोकेशनचा राग नाहीये. कोण बघतं आणि बघून कोणाला सांगतं, त्याचा आहे."

हे तिने पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर, असं माझ्या तोंडावर आलं होतं. पहिल्या दिवशी मी ऐकलं नसतं, हे माहीत असल्यामुळे गिळलं.

मग सौदा सुरू झाला. ती म्हणाली, क्लास सुटून रिक्षात बसले की मी व्हॉट्सॲपवर तुम्हा दोघांनाच लाइव्ह लोकेशन पाठवेन. तासाभराचं. पंधरा मिनिटांचं, एक तासाचं आणि आठ तासांचं असं मिळतं, त्यातलं मधलं. तास झाला की ते आपोआप बंद होतं, कोणाला आठवणीने बंद करावं लागत नाही. मी म्हटलं, ट्रॅफिकमध्ये अडकलीस तर? ती म्हणाली, पुन्हा पाठवेन. मी म्हटलं, आठ तासांचंच पाठव. ती म्हणाली, आठ तासांत मी घरी येऊन जेवून झोपलेली असेन, माझं अंथरूण कशाला बघतेस? केतन हसले. मी हसले नाही, पण तासावर आले.

"आणि फोन बंद पडला तर? त्या दिवसासारखा?" मी विचारलं. ते ॲप असो की हे, फोन मेला की ठिपका शेवटचा जिथे होता तिथेच राहतो, हे मला आता प्रेमने समजावलं होतं. शेवटचा ठिपका रस्त्यात राहिला तर आईने काय समजायचं?

तिने समिधाचा आणि तिच्या आईचा नंबर दिला. पण त्या नंबरवर फोन केव्हा करायचा हे ठरवायला आम्हाला सगळ्यात जास्त वेळ लागला. मी म्हणत होते लगेच, ती म्हणत होती अजिबात नाही. शेवटी ठरलं, तिने सांगितलेल्या वेळेच्या अर्ध्या तासानंतर, आणि आधी तिला फोन लावून.

"दिवसा मी कुठे आहे ते विचारलंत तर मी खरं सांगेन," ती म्हणाली. "पण विचारायचं. बघायचं नाही. आणि विचारल्यावर मी 'नंतर सांगते' बोलले तर रात्रीपर्यंत थांबायचं."

"रात्री तरी सांगशील?"

"तू दुसऱ्या दिवशी दुकानात सांगणार नसशील तर."

हे झोंबलं. मी काही बोलणार तोच केतननी माझ्या हातावर हात ठेवला. मी हात काढून घेतला, पण बोललेही नाही.

"आणि तुमचं पण," मेघाली म्हणाली. "पप्पा बाइकवर रात्री येतात तेव्हा आम्हाला नाही काळजी? त्यांनी पण पाठवायचं. आणि तुम्ही दोघं त्या हळदीतून बाहेर पडा."

केतन लगेच हो म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "आपण तिघंही बाहेर पडलो तर दादा म्हणेल की आम्ही भावकी तोडली. लग्नकार्य आहे, आजारपण आहे. आम्ही राहतो. आमचं काय दिसणार लोकांना?"

"खरंच, माझं काय दिसणार?" मी म्हटलं. "दुकान आणि घर. बघू दे ज्याला बघायचं ते."

मेघालीने खांदे उडवले. तिला तिचं मिळालं होतं. पण ते सगळं बोलून झाल्यावर मी जे विचारलं त्याला तिने सरळ उत्तर दिलं नाही. मी विचारलं, सोनोग्राफीला जायचं ना? ती म्हणाली, बघू.

चार दिवसांनी ती स्वतःच म्हणाली की शनिवारी सकाळची वेळ घेतलीये. मी गिऱ्हाइकांना सांगितलं की मशीन बिघडलंय. रतनताईंशी तशीही बोलचाल बंद होती, त्यामुळे त्यांना काही सांगायचा प्रश्नच नव्हता.

दवाखाना लहान आणि स्वच्छ होता. बाकांवर पोटुशा बाया, त्यांच्या सासवा, आणि मध्ये आम्ही दोघी. सोनोग्राफीला पोट पाण्याने भरलेलं लागतं, म्हणून मेघाली बाटली घेऊन बसली होती आणि प्रत्येक घोटाला माझ्याकडे रागाने बघत होती, जणू पाण्याचा शोध मीच लावला. आत एक बाई गेली होती, तिच्यानंतर आमचा नंबर होता.

माझा फोन वाजला. रतनताई.

बोलचाल बंद असताना केलेला फोन म्हणजे कोणीतरी आजारी असणार असं वाटून मी उचलला.

"रसिका, तू मॅटर्निटी होममध्ये आहेस?"

हळदीच्या सर्कलमध्ये मी होतेच. माझं काय दिसणार, असं मीच म्हटलं होतं.

"आणि आता ठिपका सरकला म्हणू नकोस. तुझा काही तिथे क्लास नाही." मला रडवलंस ना, आता बघ, असा त्यांचा सूर होता. आणि मागे चुलत जाऊ काहीतरी विचारत होती, तेही ऐकू येत होतं.

रतनताईंचं फोनवर बोलणं म्हणजे शेजारच्यालाही सगळं ऐकू येणं. मेघालीने बाटली खाली घेतली. तिचे दोन्ही हात बाटलीभोवती घट्ट झाले. ती माझ्याकडे बघत नव्हती, समोरच्या भिंतीकडे बघत होती, आणि मला कळलं की ती उठून जायच्या तयारीत आहे.

एक वाक्य पुरे होतं. अहो, माझं नाही, मेघालीचं आहे, साधं पाळीचं. त्या वाक्यात काही पाप नव्हतं. ते खरं होतं. त्याने मी सुटले असते. त्रेचाळिसाव्या वर्षी माझ्या नावाने भावकीत काय शिजणार हे मला स्पष्ट दिसत होतं, आणि रतनताईंना जिंकू द्यायचं म्हणजे माझ्या जिवावर येत होतं. ते वाक्य माझ्या जिभेवर पूर्ण तयार होतं.

"नाही सरकला," मी म्हटलं. "मी इथेच आहे. माझं काम आहे."

"तुझं? कसलं?"

"माझं म्हणजे माझं."

मग रतनताईंचा आवाज एकदम मऊ झाला, आणि तो मऊ आवाज मला कुठल्याही शिवीपेक्षा जास्त लागला.

"अगं बाई. या वयात? केतनभाऊजींना माहीत आहे का?"

"त्यांना माहीत आहे. ठेवते."

"अगं पण किती महिने..."

मी फोन ठेवला. माझे कान तापले होते. समोरच्या बाकावरची एक सासू मला आपादमस्तक न्याहाळत होती, तिच्याकडे मी असं पाहिलं की तिने पर्समध्ये काहीतरी शोधायला घेतलं. संध्याकाळपर्यंत वरच्या मजल्यावर चिंचा आणल्या जातील. सासू मला तांदळाची भाकरी स्वतःच्या हाताने करून घालेल. मोठे दीर केतनना बाजूला घेऊन बोलतील. आणि मला यातलं एकही अक्षर खोडता येणार नाही, निदान सोनोग्राफीत माझं पोट नसून कोणाचं होतं हे सांगितल्याशिवाय.

"आई," मेघाली म्हणाली.

"काय?"

"तू सांगू शकली असतीस."

"पाणी पी," मी म्हटलं. "बाटली अर्धीच झालीये."

ती प्यायली. तिचा नंबर आला आणि आम्ही आत गेलो. डॉक्टर माझ्याच वयाच्या होत्या. त्यांनी कागद पुढे ओढला, मेघालीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "काही प्रश्न विचारायचेत मला. आई बाहेर थांबल्या तर चालेल तुला? तुझ्यावर आहे. तुला हव्या तितक्या मोकळेपणाने बोल."

ती काही म्हणायच्या आधीच मी उठले. हेही तिचंच, म्हटलं मनात. पर्स उचलली. दाराच्या मुठीवर हात ठेवला.

"नको," मेघाली म्हणाली. "तिला बसू दे."

मी परत येऊन बसले. पर्समध्ये फोन थरथरत होता. काढून पाहिलं तर दिव्याला राहणारी माझी नणंद. म्हणजे बातमी दिव्यापर्यंत पोचली होती. मी फोन पुन्हा पर्समध्ये टाकला, आणि मेघाली डॉक्टरांना तारखा सांगत होती त्या ऐकत राहिले.